वकिलाची नोटीस आली, कोर्टाचा आदेश नाही: सदस्यांच्या पोस्टसाठी वेबसाइट जबाबदार ठरते का?

प्रश्न: आमच्या वेबसाइटवर पालक आणि विद्यार्थी खासगी क्लासबद्दलचे अनुभव लिहितात. सदस्य साधारण 40 हजार आहेत. एका क्लासच्या वकिलाची ईमेलवर नोटीस आली आहे. पाच पोस्ट 24 तासांत काढा, लिहिणाऱ्यांची नावं आणि मोबाइल नंबर द्या, नाहीतर 25 लाखांचा अब्रुनुकसानीचा दावा लावू, असं तिच्यात म्हटलंय. कोर्टाचा आदेश जोडलेला नाही. पोस्ट आम्ही लिहिलेल्या नाहीत. काढल्या नाहीत तर आम्ही अडकू का?

उत्तर: नुसती वकिलाची नोटीस आली म्हणून बदनामीच्या आरोपावरून पोस्ट काढण्याचं बंधन तुमच्यावर येत नाही, आणि ती न काढल्याने तुमचं कायदेशीर संरक्षणही जात नाही. मात्र नोटीस एक असली तरी तिच्यातल्या पाचही पोस्टना एकच नियम लागेल असं समजू नका. एखाद्या पोस्टसाठी तुमच्या हातात 24 तासांपेक्षा बराच कमी वेळ असू शकतो, आणि एखादी पोस्ट कायद्याच्या नजरेत ‘तुमची’च ठरू शकते.

आधी संरक्षण नेमकं काय आहे ते पाहू. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 2(1)(डब्ल्यू) मध्ये मध्यस्थाची व्याख्या आहे. दुसऱ्याच्या वतीने त्याचा मजकूर स्वीकारणारा, साठवणारा किंवा पुढे पाठवणारा तो मध्यस्थ. सदस्यांचे अनुभव छापणारी तुमची साइट त्यात बसते. कलम 79 सांगतं की दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी मध्यस्थ जबाबदार नाही, पण त्याला अटी आहेत. तुमच्यासारख्या साइटच्या दृष्टीने त्या अशा: मजकूर तुम्ही सुरू केलेला नसावा, तो कोणाला जावा हे तुम्ही निवडलेलं नसावं, त्यातला मजकूर तुम्ही निवडलेला किंवा बदललेला नसावा, आणि सरकारने ठरवून दिलेली योग्य काळजी तुम्ही घेतलेली असावी. शेवटच्या अटीचा तपशील 2021 च्या मध्यस्थ नियमांत आहे. या नियमांतलं काही पाळलं नाही, तर नियम 7 प्रमाणे कलम 79 चं संरक्षण मिळत नाही. म्हणून नोटिशीला उत्तर लिहायला घेण्याआधी स्वतःचं घर तपासा. साइटवर वापराच्या अटी आणि गोपनीयता धोरण ठळकपणे आहे का? तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क आहे का? त्या पत्त्यावर आलेली मेल कोणी उघडतं का? व्यवहारात सगळ्यात जास्त वेळा घोटाळा इथेच होतो. नाव नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं असतं, मेल स्पॅममध्ये पडून असते, आणि दाव्यात विरुद्ध पक्षाचा पहिला मुद्दा तोच असतो.

मुख्य अनुपालन अधिकारी वगैरे जास्तीच्या जबाबदाऱ्या 50 लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांसाठी आहेत. 40 हजार सदस्यांच्या साइटला त्या लागू नाहीत. नियम 3 मात्र लहान-मोठ्या सगळ्यांना लागू आहे.

आता नोटिशीचा प्रश्न. कलम 79(3)(ब) म्हणतं की बेकायदा मजकुराची ‘प्रत्यक्ष माहिती’ मिळूनही तो तातडीने काढला नाही तर संरक्षण जातं. नोटीस पाठवणारे वकील याच शब्दांवर भर देतात: आम्ही कळवलं, म्हणजे तुम्हाला माहिती झाली. सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी श्रेया सिंघल प्रकरणात या वाक्याचा अर्थ आवळून दिला. प्रत्यक्ष माहिती म्हणजे कोर्टाचा आदेश, किंवा योग्य सरकारची अथवा तिच्या यंत्रणेची अधिसूचना. कारणही तिथेच दिलं आहे. रोज ढिगाने विनंत्या येत असताना त्यातली खरी कोणती आणि खोटी कोणती, याचा निवाडा मध्यस्थाने न्यायाधीश होऊन करावा अशी अपेक्षा ठेवता येत नाही. क्लास फी घेऊन पावती देत नाही हे खरं की खोटं, ते तुम्ही तुमच्या टेबलावर बसून ठरवू शकत नाही. ते ठरवण्याची जागा कोर्ट आहे.

अशा नोटिशीत बऱ्याचदा सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 च्या गूगल इंडिया विरुद्ध विसाका इंडस्ट्रीज निकालाचा हवाला असतो आणि साइटचालक घाबरतो. त्या प्रकरणातला मजकूर कलम 79 च्या जुन्या रूपाच्या काळातला होता. आजचं कलम 27 ऑक्टोबर 2009 पासून लागू झालं. जुनं कलम फक्त या अधिनियमाखालच्या जबाबदारीपुरतं होतं, म्हणून भारतीय दंड संहितेखालच्या बदनामीच्या फिर्यादीत त्याचा आधार मिळाला नाही. तुमच्या पोस्ट आजच्या आहेत. तो निकाल तुमच्या विरुद्ध जात नाही.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. सदस्यांनी काय टाकू नये याची जी यादी नियम 3(1)(ब) मध्ये आहे, तिच्यात 2021 साली ‘बदनामीकारक’ हा शब्द होता. ऑक्टोबर 2022 च्या दुरुस्तीत तो काढून टाकला. त्यामुळे बदनामीची तक्रार फार तर ‘कोणत्याही कायद्याचा भंग करणारा मजकूर’ या सर्वसाधारण सदरात जाते, आणि काही प्रकारच्या मजकुरासाठी जी छोटी मुदत ठेवली आहे तिच्यातून हे सदर वगळलेलं आहे. म्हणजे तक्रारीची दखल घ्यावी लागते, पोच 24 तासांत द्यावी लागते, आणि तक्रार ठरल्या मुदतीत निकाली काढावी लागते. ही मुदत मूळ नियमांत 15 दिवस होती, फेब्रुवारी 2026 च्या दुरुस्तीने ती 7 दिवसांवर आली. पण निकाली काढणं म्हणजे पोस्ट काढणं नव्हे. ‘तपासलं, या कारणासाठी काढत नाही’ हेसुद्धा निकाली काढणंच आहे. गप्प बसणं तेवढं चालत नाही.

समजा, तुमच्याकडच्या पाच पोस्ट पुढीलप्रमाणे आहेत. अशा नोटिशींत साधारण असंच मिश्रण असतं.

पहिलीत लिहिलंय, ‘शिकवण्याची पद्धत कंटाळवाणी, मुलाला काही समजलं नाही.’ हे मत आहे. याला हात लावण्याचं काही कारण नाही.

दुसरीत लिहिलंय, ‘फी रोख घेतात, पावती देत नाहीत, मध्येच क्लास सोडला तर पैसे परत करत नाहीत.’ हे वस्तुस्थितीबद्दलचं विधान आहे. खोटं असेल तर बदनामी होऊ शकते, खरं असेल तर पालकांच्या उपयोगाचं आहे. वर सांगितलेली सगळी चर्चा या पोस्टला लागू होते. लिहिणाऱ्याला तक्रार आल्याचं कळवा, त्याच्याकडे आधार आहे का विचारा, आणि क्लासला त्याच पोस्टखाली स्वतःच्या नावाने उत्तर देण्याची सोय द्या. कोर्टाचा आदेश येईपर्यंत पोस्ट ठेवू शकता. तुमच्या स्वतःच्या अटींचा भंग होत असेल, उदाहरणार्थ शिवीगाळ असेल, तर स्वतःहून काढूही शकता. तक्रारीवरून किंवा स्वखुशीने असा मजकूर काढला म्हणून तुम्ही ‘मजकूर निवडला’ असं धरलं जाणार नाही, हे नियम 3(1)(ड) च्या परंतुकातच स्पष्ट आहे. माझं मत विचाराल तर अशा पोस्ट नोटिशीच्या धाकाने काढू नयेत. एकदा काढल्या की दुसऱ्या क्लासची नोटीस आठवड्यात येते, आणि साइटवर उरतं ते फक्त कौतुक.

तिसऱ्या पोस्टमध्ये संचालिकेचा चेहरा जोडून बनवलेला अश्लील फोटो आहे. इथे सगळं बदलतं. नियम 3(2)(ब) मध्ये खासगी अवयव, नग्नता किंवा लैंगिक कृती दाखवणारा, किंवा तोतयेगिरीच्या स्वरूपाचा मजकूर येतो, आणि कृत्रिमरीत्या बदललेले फोटोही त्यात स्पष्टपणे धरले आहेत. कोर्टाच्या आदेशाची गरज नाही. तक्रार त्या व्यक्तीने करावी किंवा तिच्या वतीने कोणीही, म्हणजे वकिलाची नोटीससुद्धा पुरते. मूळ नियमांत यासाठी 24 तास होते. 20 फेब्रुवारी 2026 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ते 2 तासांवर आले. वकिलाने 24 तास लिहिले असले तरी नियमाचं घड्याळ तक्रार मिळाल्यापासून चालू झालेलं आहे. नोटीस वाचता वाचता असा फोटो दिसला की बाकीचं वाचन थांबवा, आधी तो बंद करा, मग पुढे जा.

चौथ्या पोस्टमध्ये क्लासच्या छापील नोट्सची बारा पानं स्कॅन करून टाकली आहेत. हा कॉपीराइटचा विषय. याचं गणित वेगळं, कारण माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम 81 च्या परंतुकाने कॉपीराइट कायद्याखालचे हक्क अबाधित ठेवले आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने डिसेंबर 2016 मध्ये मायस्पेस प्रकरणात सांगितलं की कॉपीराइटच्या बाबतीत हक्कदाराने नेमक्या मजकुराकडे बोट दाखवून कळवलं, तर तीही प्रत्यक्ष माहितीच. तिथे कोर्टाच्या आदेशाची वाट पाहायची नाही. पण ‘आमचं साहित्य तुमच्या साइटवर जागोजागी आहे’ अशी मोघम तक्रार पुरत नाही. कॉपीराइट नियम, 2013 च्या नियम 75 प्रमाणे लेखी तक्रारीत कृतीचं वर्णन, मालकीचा आधार, मजकुराची जागा आणि 21 दिवसांत कोर्टाचा आदेश आणून देण्याची हमी लागते. खात्री पटल्यावर 36 तासांत मजकूर बंद करायचा, तोही 21 दिवसांसाठी. तेवढ्यात आदेश आला नाही तर मजकूर पुन्हा खुला करता येतो. तुमच्या नोटिशीत ही हमी नसेल तर ती मागणारं पत्र त्याच दिवशी पाठवा.

पाचवी पोस्ट सगळ्यात धोक्याची, आणि तिच्याकडेच साइटचालकांचं दुर्लक्ष होतं. एका पालकाचा लांबलचक अनुभव तुमच्या टीमला आवडला. तुम्ही तो मुख्य पानावर वर आणून ठेवला, भाषा सुधारली, ‘पालकांना लुबाडणाऱ्या क्लासची कहाणी’ असं शीर्षक दिलं आणि ‘खातरजमा केलेला अनुभव’ अशी पट्टी लावली. वर आणून ठेवण्याबद्दल वाद घालता येईल. पण शीर्षक तुमचं आहे, पट्टी तुमची आहे, आणि आतलं वाक्य बदललं असेल तर मजकूर ‘बदलला’ गेला आहे. ‘लुबाडणाऱ्या’ हा शब्द पालकाने लिहिलेला नाही, तो तुम्ही लिहिला. त्या शब्दापुरते तुम्ही मध्यस्थ नाही, लेखक आहात, आणि लेखकाला कलम 79 नाही. इथे वकिलाच्या नोटिशीला कोर्टाच्या आदेशाइतकंच गांभीर्याने घ्या. शीर्षक आणि पट्टी काढा, पालकाचा मूळ मजकूर जसा आला होता तसा परत ठेवा, आणि या एका पोस्टपुरता स्वतःच्या वकिलाचा सल्ला घ्या.

यातूनच नियंत्रकांसाठी एक साधा नियम निघतो. पोस्ट पूर्ण बंद करा किंवा पूर्ण ठेवा, आतले शब्द बदलू नका. ‘चोर’ काढून ‘बेजबाबदार’ घातलं तर हेतू चांगला असला तरी वाक्य तुमचं होतं. सदस्याला पोस्ट परत पाठवून ‘हा शब्द बदला’ असं सांगणं केव्हाही सुरक्षित, कारण मग बदल तो करतो.

नावं आणि मोबाइल नंबरांची मागणी सरळ नाकारा. खासगी वकिलाला वापरकर्त्याची माहिती देण्याचं कोणतंही बंधन तुमच्यावर नाही, उलट दिली तर तुमचं स्वतःचं गोपनीयता धोरण मोडतं. नियम 3(1)(जे) खाली माहिती मागण्याचा अधिकार कायद्याने अधिकृत केलेल्या सरकारी यंत्रणेला आहे. तिच्या लेखी आदेशावर माहिती जास्तीत जास्त 72 तासांत द्यायची असते. पोलिस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली नोटीस देऊ शकतात. पण बदनामी, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 356, हा अदखलपात्र गुन्हा आहे. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्याचा तपास करता येत नाही. म्हणून पत्रात गुन्हा क्रमांक आणि कलम दिलंय का ते पाहा. क्लासला लिहिणाऱ्यापर्यंत पोहोचायचंच असेल तर त्यांनी अनोळखी प्रतिवादीविरुद्ध दावा लावून कोर्टाकडून माहितीचा आदेश आणावा. तो मार्ग त्यांना मोकळा आहे, आणि उत्तरात तसं सभ्यपणे लिहा.

पोस्ट काढा असं सांगणाऱ्या पोलिस पत्राचंही तसंच. ऑक्टोबर 2025 मध्ये नियम 3(1)(ड) दुरुस्त झाला आणि 15 नोव्हेंबरपासून लागू झाला. आता सरकारी सूचना सहसचिव किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडून यावी लागते. पोलिसांच्या बाबतीत खास अधिकार दिलेला, किमान उपमहानिरीक्षक दर्जाचा अधिकारी लागतो. सूचनेत कायद्याचा आधार, बेकायदा कृतीचं स्वरूप आणि नेमकी लिंक असावी लागते. ठाण्यातून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला ‘पोस्ट तात्काळ डिलीट करा’ हा निरोप त्यात बसत नाही. तरी उत्तर द्या, आणि लेखीच द्या.

काहीही करण्याआधी पुरावा जपा. डेव्हलपरला ‘काढून टाक’ म्हटलं की तो डेटाबेसमधली ओळच उडवतो, आणि महिन्याभराने कोर्टात मूळ मजकूर काय होता हे कोणालाच सांगता येत नाही. नियम 3(1)(जी) प्रमाणे काढलेला मजकूर आणि त्याच्याशी संबंधित नोंदी 180 दिवस ठेवायच्या, आणि कोर्टाने किंवा यंत्रणेने सांगितलं तर त्याहून जास्त. पान जसं दिसतं तसं साठवा, पोस्ट टाकल्याची वेळ, खात्याचा क्रमांक आणि आयपी नोंद वेगळी काढा, आणि फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा डिजिटल ठसा, त्याच दिवशी घेऊन ठेवा:

```
sha256sum post-4127.html > post-4127.sha256
```

भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो. तो सहा महिन्यांनी काढला तर मधल्या काळात फाइल बदलली नाही हे दाखवणं कठीण जातं. अश्लील फोटोची प्रत मात्र एकाच ठिकाणी, कुलूपबंद फोल्डरमध्ये, एकाच जबाबदार व्यक्तीकडे ठेवा. टीमच्या ग्रुपवर ‘हा बघा तो फोटो’ म्हणून पाठवणं हा स्वतःच गुन्हा होऊ शकतो.

उत्तराचा मसुदा छोटा असू द्या. साधारण असा:

‘आपली नोटीस दि. ___ रोजी ___ वाजता मिळाली. तक्रार क्रमांक ___. आम्ही माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम 2(1)(डब्ल्यू) प्रमाणे मध्यस्थ आहोत. पोस्ट क्र. 3 नियम 3(2)(ब) खाली दि. ___ रोजी ___ वाजता बंद केली आहे. पोस्ट क्र. 4 बाबत कॉपीराइट नियमांच्या नियम 75 प्रमाणे आवश्यक तपशील आणि हमी पाठवावी. पोस्ट क्र. 5 चे शीर्षक आणि पट्टी काढली आहे. पोस्ट क्र. 1 आणि 2 सदस्यांच्या आहेत. त्यांच्या सत्यासत्यतेचा निर्णय आम्ही करू शकत नाही. सक्षम न्यायालयाचा आदेश मिळाल्यास त्याचे तत्काळ पालन करू. सदस्यांची माहिती कायदेशीर आदेशाशिवाय देता येणार नाही.’

यात ‘मजकूर खोटा आहे असे दिसते’ किंवा ‘मजकूर खरा आहे अशी आमची खात्री आहे’ असं काहीही घालू नका. पहिलं वाक्य तुमच्याविरुद्ध कबुली म्हणून वापरलं जातं, दुसऱ्याने आरोप तुम्ही आपलासा करता. पोस्ट 5 बद्दलही फक्त काय केलं ते लिहा, का केलं ते नको.

आता दावा लागलाच तर? कलम 79 दावा दाखल होण्यापासून थांबवत नाही. ते बचावाचं कलम आहे, आणि अटी पाळल्याचं तुम्हाला कैफियतीत मांडून कागदपत्रांनिशी दाखवावं लागतं. नुकसानभरपाईपासून वाचलात तरी कोर्ट तुम्हाला पोस्ट बंद करण्याचा मनाई हुकूम देऊ शकतं, आणि तो एकतर्फीही असू शकतो. असा आदेश आल्यावर घड्याळ फार वेगाने धावतं: मूळ नियमांत 36 तास होते, फेब्रुवारी 2026 नंतर 3 तास. शनिवारी रात्री आलेली मेल सोमवारी पाहिली तर मुदत कधीच संपलेली असते. म्हणून तक्रारीच्या पत्त्यावर आलेली मेल दोन माणसांच्या मोबाइलवर वाजेल अशी व्यवस्था आधीच करून ठेवा, आणि पोस्ट तात्पुरती बंद करण्याचा अधिकार डेव्हलपरची वाट न पाहता त्या दोघांकडे असू द्या.

तीन तास कमी असले तरी त्यात एक गोष्ट तपासायला वेळ मिळतो, ती म्हणजे आदेश खरा आहे का. आदेशाची पीडीएफ बनवणं अवघड नाही. त्यावर दाव्याचा क्रमांक किंवा 16 अक्षरी सीएनआर क्रमांक असेल, तो ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर टाकून पक्षकारांची नावं आणि तारीख जुळते का पाहा. मग आदेशात कोणत्या लिंक दिल्या आहेत ते वाचा आणि तेवढ्याच बंद करा. आदेशात पोस्ट क्र. 2 ची लिंक असेल आणि वकील सोबतच्या पत्रात ‘अशा सर्व पोस्ट’ म्हणत असेल, तर आदेश पाळायचा, पत्र नाही. त्या पोस्टच्या जागी ‘न्यायालयाच्या आदेशाने बंद’ एवढी ओळ ठेवा, लिहिणाऱ्याला आदेशाची प्रत पाठवा, म्हणजे त्याला कोर्टात जाऊन आपली बाजू मांडता येईल.